घट आणि शिल्लक

लिंबायतमधल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर दहा फूट बाय आठ फूट. भिंती आजवर रंगाच्याच होत्या आणि खाली जुनी लादी. ते नव्याने करायचं ठरलं, तेव्हा हिशेबाची वही माझ्याकडे आली. मी कला शाखेची पदवीधर. पण घरखर्च लिहिणाऱ्या बाईला बेरीज-वजाबाकी कुणी शिकवावी लागत नाही.

दुकानदाराचा हिशेब सोपा होता. जमीन ऐंशी चौरस फूट, त्यावर दहा टक्के घट, म्हणजे अठ्ठ्याऐंशी. दोन बाय दोनच्या टाइलच्या एका पेटीत चार नग येतात आणि त्यातून साडेपंधरा फूट भरते. म्हणून सहा पेट्या. आमचे मिस्त्री खानदेशातले, जुने ओळखीचे. ते म्हणाले, "ताई, घट टक्क्यांत नसते, मांडणीत असते. आधी टाइल मोजा."

दोन बाय दोन म्हणतात ती टाइल खरं तर ६०० मिलीमीटरची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी. पाच टाइल लावल्या की नऊ फूट दहा इंच होतात आणि दहा फुटांच्या भिंतीशी दोन इंचांची चिंधी उरते. दुसऱ्या बाजूला चार टाइलनंतर दीड इंच उरतो. अशी पट्टी दिसायला वाईट आणि कापताना तुटते. ती टाळायला कारागीर मधोमध मांडणी सुरू करतात. पण मग दोन्ही कडांना अर्ध्याहून थोडे मोठे तुकडे लागतात आणि प्रत्येक तुकड्याला एक अख्खी टाइल जाते. सहा गुणिले पाच, म्हणजे तीस टाइल, आठ पेट्या! सहा पेट्यांतल्या चोवीस टाइल तिथे पुरल्याच नसत्या.

आमच्या भिंतींनाही मात्र खालपर्यंत टाइल लागणार होती. मसाला आणि टाइल मिळून प्रत्येक भिंत इंचभर आत येते. ती आधी लावली, तर जमीन नऊ-दहा बाय सात-दहा उरते. म्हणजे पाच बाय चार, नेमक्या वीस टाइल. एका ओळीला फक्त अर्धा इंच छाटायचा. हे जमण्यासाठी खोली काटकोनात हवी. मिस्त्रींनी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी दोन्ही बाजूंनी धरून पाहिली. दोन्ही मापांत अर्ध्या इंचाचाच फरक निघाला. फरक दोन-तीन इंचांचा असता, तर हा हिशेब टिकला नसता. सहा पेट्याच घेतल्या, वीस लावायला आणि चार जपायला. पुढे एखादी फुटली, तर त्याच बॅचची, त्याच छटेची टाइल दुकानात मिळेलच असं नाही.

मजुरीच्या दरात काय आलं यापेक्षा काय आलं नाही हे विचारणं मला महत्त्वाचं वाटतं. टाइल बसवण्याचा दर चौरस फुटावर असतो. जुना ओटा तोडणं, मलबा जिन्यावरून खाली नेणं, सांधे भरणं हे त्यात धरलेलं नसतं. आम्ही ते वेगळं लिहून घेतलं. साहित्य ६२,००० आणि मजुरी ३४,०००, मिळून ९६,००० झाले.

आता राहिली अडीअडचणीची रक्कम. तिला घटीत मिसळायचं नाही. घट म्हणजे जाणार हे माहीत असलेलं. ही रक्कम म्हणजे भिंतीआड काय आहे ते माहीत नसलेलं. सरसकट दहा टक्के धरण्याऐवजी आम्ही काय काय निघू शकतं ते लिहिलं. भिंतीतला जुना लोखंडी नळ गंजला असेल तर सात हजार, सांडपाण्याचा पाइप बदलावा लागला तर पाच हजार, लादीखालचा थर पोकळ असेल तर चार हजार. मिस्त्रींनी लाकडी दांड्याने लादी ठोकून पाहिली. एका कोपऱ्यात आवाज जरा भरीव वाटेना, म्हणून तिथली एक लादी उचलली. थर घट्ट होता, चार हजार खोडले. उरलेले बारा हजार वेगळ्या पाकिटात ठेवले.

आमचं जेवण सूर्यास्ताआधी होतं, त्यामुळे कामाच्या दिवसांचाही हिशेब होता. पाणियारा आणि शेगडी मागच्या खोलीत मांडली, आणि पाणी फक्त दुपारीच बंद करायचं असं ठरवलं.

ओटा तुटला तेव्हा नळ गंजलेलाच निघाला. सांडपाण्याचा पाइप चांगला होता. खर्च एक लाख तीन हजारांवर थांबला. उरलेल्या पाच हजारांत भारी नळ घ्यावा, असं घरात एकदा बोललं गेलं. मी पाकीट कपाटात ठेवलं. पहिल्या पावसात खिडकीखालचा सांधा ओला होतो का ते अजून पाहायचं होतं.