गाडीला नकार

मुंब्र्याहून बेलापूरला रोज माझ्या गाडीतून चला, असं कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने आम्हा नवरा-बायकोला सुचवलं. सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी सव्वासहाला परत, पेट्रोल वाटून घ्यायचं. ठाण्याला लोकल बदलण्याची दगदग वाचणार होती. तरी आम्ही नाही म्हटलं.

नमाजचं कारण पुढे करणं सोपं होतं. आपल्याकडे मगरिब डिसेंबरात सहाच्या सुमारास होते, जुलैत सव्वासातनंतर. ठरलेल्या वेळेची गाडी काही महिने आड येणारच. पण तो भला माणूस, "मशिदीपाशी थांबू की," म्हणाला असता. मग काय सांगणार? खरं कारण वेगळंच होतं. जाता-येताना आम्ही एकमेकांशीही फारसं बोलत नाही. दिवसभरात तेवढीच शांतता मिळते. शिवाय हजेरीला दहापर्यंत मुभा असल्याने मुलीला शाळेत सोडून निघता येतं. आपली आवड दीनच्या आड लपवणं आम्हाला पटेना.

दुसरी काळजी अशी, की आपल्या नकाराचा अर्थ 'हे लोक मिसळत नाहीत' असा पटकन लावला जातो. म्हणून "बघू" म्हणून टोलवलं नाही. नाहीतर त्याने जागा अडवून ठेवल्या असत्या. त्याच दिवशी चहाला त्याच्या टेबलाशी जाऊन कारण सांगितलं. तो हसला, "सुटलात, माझी गाणी ऐकावी लागली असती!" जागा त्याने दुसऱ्यांना दिल्या.

पावसात लोकल बंद पडल्या तर मात्र विचारू, असं सांगून ठेवलंय. त्या दिवसाचं पेट्रोल आमच्याकडे.