बाईंची वीत

माझ्या धंद्यात चित्राला फार मान आहे. हजारो वाक्यं संगणकाला द्यायची, प्रत्येक वाक्याची तीनशे आकड्यांची रांग करून घ्यायची (हेच ते एम्बेडिंग), आणि मग ते तीनशे मितींचं प्रकरण टी-स्नी किंवा यूमॅप वापरून कागदाच्या दोन मितींत उतरवायचं. रंगीत ठिपक्यांचे पुंजके दिसतात, बघणारा खूश होतो. हे चित्र वाचायला मला शिकवलं ते संख्याशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने. नाव छापलेलं त्यांना खपणार नाही, म्हणून बाईच म्हणते. माझ्या पगारातला बराचसा भाग खरं तर त्यांचा आहे.

तेव्हा आम्ही एका नगरपालिकेकडे आलेल्या मराठी तक्रारींवर काम करत होतो. टी-स्नीच्या चित्रात रस्ते, पाणी, कचरा, दिवे असे पुंजके छान सुटे झाले होते. आणि कोपऱ्यात, पाण्यापासून बराच लांब, एक अनोळखी गलेलठ्ठ पुंजका होता, जवळजवळ रस्त्यांच्या पुंजक्याएवढा. बैठकीआधीच चर्चा सुरू झाली होती, की हा काहीतरी नवा, मोठा, नाना तऱ्हांचा प्रश्न दिसतोय, आणि पाण्याशी त्याचा संबंध नाही. मी छापील चित्र घेऊन बाईंकडे गेले.

त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "अगं, अक्षांवर काय मोजलंय?"

"काहीच नाही, बाई. अक्षांना अर्थ नसतो."

"मग लांब आणि जवळ कशावरून म्हणतेस?"

उत्तर द्यायच्या आतच त्यांनी लॅपटॉप उघडायला लावला. आधी तक्रारी बाजूला ठेव म्हणाल्या; ज्यात काही नाही अशा आकड्यांचं चित्र काढ.

```python
import numpy as np
from sklearn.manifold import TSNE

X = np.random.default_rng(7).normal(size=(500, 100))
Y = TSNE(perplexity=2).fit_transform(X)
```

शंभर मितींतले पाचशे निव्वळ यादृच्छिक ठिपके. त्यांच्यात कसलीही गटबाजी असायचं कारण नाही, तरी पडद्यावर बारके बारके पुंजके उमटले. परप्लेक्सिटी म्हणजे ढोबळमानाने प्रत्येक ठिपक्याने किती शेजारी आपले मानायचे तो आकडा. सहसा 5 ते 50 मध्ये ठेवतात. तो 2 ठेवला की ठिपका एकदोन शेजाऱ्यांनाच धरून बसतो आणि नसलेली गावं वसतात. 30 केला तर तेच ठिपके एका गोल, निराकार ढगात विरघळले. एका परप्लेक्सिटीचं चित्र बाईंना तेव्हापासून कुणी दाखवू शकलेलं नाही.

आमचा गलेलठ्ठ पुंजका मात्र 5, 30, 100 सगळीकडे टिकला. म्हणजे गट खरा होता. पण बाईंचा पुढचा प्रश्न त्याच्या जाडीबद्दल होता, आणि माझं सगळ्यात मोठं ऋण इथलं आहे.

त्यांनी मला त्या पुंजक्यातल्या तक्रारी मोठ्याने वाचायला लावल्या. पहिली वाचली, दुसरी वाचली, तिसरीला दोघींना हसू आलं. सगळीकडे एकच मजकूर होता: पाणी दोन दिवसांआड येतं, दाब नसतो, टँकर बंद केले. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर मसुदा फिरवला होता आणि शेकडो लोकांनी नाव आणि वॉर्ड बदलून तोच पाठवला होता. मूळ तीनशे मितींत हे सगळे ठिपके एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. मग कागदावर ते इतके पसरले कसे?

"प्रत्येक ठिपका स्वतःच्या वितीने मोजतो," बाई म्हणाल्या. तेवढं एक वाक्य आणि मग पेन्सिलीने मांडणी. टी-स्नी प्रत्येक ठिपक्याभोवती एक घंटेच्या आकाराचा वक्र ठेवतं, आणि त्याची रुंदी अशी निवडतं की त्यात परप्लेक्सिटीएवढेच शेजारी मावतील. दाट वस्तीत रुंदी आपोआप लहान होते, विरळ वस्तीत मोठी. नकला करणाऱ्या तक्रारींची वीत इवलीशी, रस्त्यांच्या तक्रारींची लांबलचक. खड्डा, स्पीडब्रेकर, उखडलेली फरशी असे त्यांचे विषयच वेगवेगळे. मोजून झाल्यावर वीत किती होती हे कुठेच नोंदलेलं राहत नाही. म्हणून कागदावर दाट गट फुगतो, विरळ गट आवळतो, आणि पुंजक्याचा आकार मुख्यतः त्यात ठिपके किती एवढंच सांगतो. यूमॅपचं गणित वेगळं असलं तरी तिथेही `n_neighbors` प्रमाणे प्रत्येक ठिपक्याची वीत वेगळीच. वर `min_dist` हा आकडा ठिपके किती दाटीने बसवायचे ते ठरवतो. मूळ दाटी चित्रात परत आणायला पुढे डेन्समॅप नावाची सुधारणा निघाली, ती याच दुखण्यावर.

मूळ मितींत प्रत्येक गटातल्या ठिपक्यांचं सरासरी अंतर काढलं. नकलांचा गट रस्त्यांपेक्षा कितीतरी आवळलेला निघाला. चित्रात मात्र दोन्ही जवळजवळ सारखेच दिसत होते.

आता राहिलं ते पाण्यापासूनचं अंतर. मजकूर तर पाण्याचाच होता. बाईंनी नकलांच्या गटाच्या मध्यापासून बाकीच्या गटांच्या मध्यांपर्यंतची अंतरं मूळ मितींत काढायला सांगितली. पाणी सगळ्यात जवळचं निघालं. टी-स्नीचं दंडाचं कोष्टक एकांगी आहे. जवळचे दोन ठिपके लांब टाकले तर भारी दंड, लांबचे दोन जवळ आणले तर जवळपास माफी. त्यामुळे पुंजक्याच्या आत ते काटेकोर असतं, आणि अख्खे पुंजके एकमेकांपासून कुठे ठेवायचे याबद्दल पुष्कळसं बेफिकीर. सुरुवात यादृच्छिक ठेवून बीज बदललं तर आमचा पुंजका एकदा कचऱ्याशेजारी गेला, एकदा दिव्यांपलीकडे. `random_state` ठरवून टाकला की चित्र दर वेळी सारखं येतं खरं, पण त्याने ते खरं होत नाही. एकच योगायोग पुन्हा पुन्हा छापला जातो. सुरुवात पीसीएने केली तर ढोबळ मांडणी बरीच सांभाळली जाते. यूमॅप दूरची रचना टी-स्नीपेक्षा चांगली जपतं असा जो बोलबाला होता, त्यातलं बरंचसं श्रेय नुसत्या सुरुवातीच्या मांडणीला जातं, हे कोबाक आणि लिंडरमन यांनी 2021 मध्ये दाखवलं. तो लेख बाईंनी मला छापून पाठवला, समासात दोन ठिकाणी शाईने खुणा करून. ई-मेलवर त्यांचा विश्वास नाही.

पुंजक्यांमधल्या अंतराचा असाच घोळ पुढे एका गाजलेल्या चित्रातही दिसला. 2024 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ऑल ऑफ अस या जनुकीय प्रकल्पाचा लेख 'नेचर'मध्ये आला. त्यात जवळजवळ अडीच लाख माणसांच्या जनुकसंचाचं यूमॅप होतं, वंशाच्या लेबलांप्रमाणे रंगवलेलं. अनेक जनुकशास्त्रज्ञांनी हरकत घेतली की या चित्रात मानवी समूह खऱ्यापेक्षा फार सुटे दिसतात. मी ते बाईंना दाखवलं. त्यांनी रंगांकडे पाहिलंच नाही, पुंजक्यांमधल्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "मिश्र कुळाची माणसं कुठे बसवलीत?" वंशमिश्रण सलग असतं, कुणाचे पणजोबा इकडचे, कुणाच्या दोन आज्या तिकडच्या. पीसीएवर अशी माणसं दोन टोकांच्या मध्ये रेषेत पसरतात. यूमॅप मात्र ज्याचे जवळचे शेजारी जिकडे जास्त तिकडे त्याला ओढतं, आणि मध्ये पांढरी जागा पडते.

आमच्या तक्रारींचं सांगायचं तर, नगरपालिकेच्या अहवालात चित्र गेलं, पण बाईंच्या सांगण्यावरून त्याच्याखाली एक कोष्टक गेलं: प्रत्येक पुंजक्यातल्या तक्रारी किती, मूळ मितींतलं सरासरी अंतर किती, मूळ मितींत सगळ्यात जवळचा गट कोणता. नकला एक धरल्यावर तो पुंजका नाहीसा झाला आणि एक तक्रार पाण्यात जाऊन बसली. ती किती जणांनी पाठवली हा आकडा वेगळ्या रकान्यात गेला. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांनी चित्र उलटून बाजूला ठेवलं आणि तो रकाना घेऊन टँकरचं वेळापत्रक मागवलं.