विषय : बँक खाते दुरुस्तीबाबत

हार्डवेअरच्या दुकानाचा जीएसटी भरताना माझ्याकडून एकच चलन दोनदा भरलं गेलं. जादाचे ४१,३०० रुपये पोर्टलवरच्या कॅश लेजरमध्ये पडून राहिले. परताव्याचा अर्ज केला, मंजुरीचा आदेशही आला. पण पैसे आले नाहीत. मेसेज आला : खात्याची पडताळणी अयशस्वी.

चूक माझीच होती. अर्जात खातं टाइप करायचं नसतं, नोंदणीत असलेल्या खात्यांच्या यादीतून निवडायचं असतं. माझ्या नोंदणीत दोन वर्षांपूर्वी बंद केलेलं चालू खातंच राहिलं होतं आणि मी तेच निवडलं.

त्याच रात्री दीड पानी पत्र लिहिलं. मालाची उधारी, दिवाळीचा हंगाम, सगळं त्यात आलं. दुसऱ्या दिवशी कर कार्यालयातल्या मॅडमनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "काका, यात एआरएन कुठंय?" अर्जाचा तो नंबर नसेल तर माझी फाइल त्या शोधणार कशी? मग म्हणाल्या, "आणि आधी पोर्टलवर नवं खातं जोडा. नोंदणीत नसलेल्या खात्यावर पैसे पाठवता येत नाहीत."

हे मला ठाऊक नव्हतं. नुसत्या पत्रानं खातं बदलत नाही. नोंदणीतली ही दुरुस्ती 'नॉन-कोअर' म्हणतात त्या प्रकारची, तिला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. ओटीपी टाकला की झालं. अट एवढीच की खातं माझ्याच पॅनवर उघडलेलं हवं. मुलाचं खातं चाललं नसतं.

दुसरं पत्र अर्ध्या पानात बसलं. वर जीएसटी क्रमांक, माझं नाव आणि दुकानाचं नाव. मग एआरएन, मंजुरी आदेशाचा क्रमांक, तारीख, रक्कम. पुढे लिहिलं : "आदेशातील खाते बंद असल्याने वरील रक्कम मला कोणत्याही खात्यात मिळालेली नाही. नोंदणीत जोडलेल्या खालील खात्यावर ती पुन्हा पाठवावी, ही विनंती." माझ्या मते पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य 'मिळालेली नाही' हेच. एकच परतावा दोनदा जाऊ नये, याची काळजी अधिकाऱ्याला असते.

खाली जुनं आणि नवं खातं एकाखाली एक लिहिलं. आयएफएससी कोड लिहिताना हात थबकला. अकरा अक्षरांतलं पाचवं नेहमी शून्य असतं, माझ्या अक्षरात ते इंग्रजी 'ओ'सारखं दिसत होतं. म्हणून कोड पुन्हा छापून घेतला. सोबत नव्या खात्याचा रद्द केलेला चेक आणि जुनं खातं बंद झाल्याचं बँकेचं पत्र जोडलं.

माझ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतला. तीन आठवड्यांनी चौकशीला गेलो तेव्हा त्या क्रमांकावरूनच मॅडमनी कागद काढला. पुढच्या सोमवारी, दुकान उघडता उघडता, ४१,३०० जमा झाल्याचा मेसेज आला.