सरांना काय आठवेल?

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' या रकान्यात 'चांगली' असं लिहिलंय. वर्गातल्या सगळ्यांच्याच दाखल्यावर तेच होतं. पुढे नोकरीसाठी शिफारसपत्र मागायला कर्जतला सरांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "काम काय आहे तिथे?" आणि मग मी प्रयोगवही कशी ठेवायचो, तेवढंच लिहिलं. मुलाखतीत मला प्रश्न आले ते त्यावरच. शिफारस करणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं लिहावं, हे तेव्हापासून मनात पक्कं बसलं.

परवा खालापूरच्या भाचीनं तिच्या सरांना लिहिलेली मेल दाखवली. "सर, ओळखलं असेलच. मला एम.एस्सी.साठी शिफारसपत्र हवं आहे. कृपया लवकर द्यावं." अदब होती, पण दरवर्षी वर्गभर मुलं शिकवणाऱ्या माणसानं यावरून लिहायचं काय? अशा वेळी सर म्हणतात, तूच मसुदा करून आण, मी सही करतो. मग पत्राला मुलीचाच आवाज येतो, आणि वाचणाऱ्याला तो कळतो.

मी तिला विचारलं, सरांनी तुला काय करताना पाहिलं? ती भाताच्या प्रकल्पाबद्दल बोलू लागली. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राईस तंत्र आमच्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे: चिखलणी नाही, लावणी नाही, कायम गादीवाफ्यावर लोखंडी साच्यानं छिद्रं पाडून बी टोकायचं. तिनं या तंत्राच्या आणि लावणीच्या शेतातले फुटवे मोजले होते. पहिल्या मोजणीत सगळे चूड बांधाकडचे घेतले गेले. कडेच्या रोपांना ऊन जास्त मिळतं, फुटवेही जास्त येतात. सरांनी ते दाखवल्यावर ती भर पावसात पुन्हा शेतात उतरली आणि मधले चूड मोजून आली. एवढं सोन्यासारखं हाताशी असून मेलमध्ये त्याचा पत्ता नव्हता!

नवी मेल अशी झाली:

"सर, टी.वाय.ला वनस्पतिशास्त्रात मी आपली विद्यार्थिनी होते. फुटव्यांची मोजणी मी दोनदा केली होती. एम.एस्सी.साठी अर्ज करते आहे. त्या दुसऱ्या मोजणीबद्दल आपण लिहू शकाल का? मुदत तीन आठवड्यांची आहे. आपण हो म्हणालात, तरच आपला पत्ता अर्जात भरेन; मग विद्यापीठाकडून लिंक येईल, पत्र तिथेच चढवायचं आहे. ती कधीकधी स्पॅममध्ये जाते. प्रकल्पाचा अहवाल, गुणपत्रक आणि अर्जातलं माझं निवेदन सोबत जोडलं आहे. वेळ नसेल तर येत्या रविवारपर्यंत तसं कळवावं, म्हणजे मी दुसऱ्या सरांना विचारेन."

शेवटचं वाक्य तिला उद्धट वाटत होतं. मी ते काढू दिलं नाही. नकाराची वाट मोकळी असली की होकार मनापासून येतो. भिडेखातर दिलेलं पत्र कोमट उतरतं, आणि निवड समितीला कोमट पत्र पुरतं खटकतं.

संध्याकाळी सरांचं उत्तर आलं: "लिहितो. दोन्ही मोजण्यांचे आकडे पाठव."