एसी, सायकल आणि उशीर

फीडबॅक हा शब्द आम्हा आयटीवाल्यांनी पार बिघडवून टाकलाय. अप्रेझलच्या महिन्यात मॅनेजर देतो तो फीडबॅक, ट्रेनिंग संपल्यावर समोशाची वाट बघत फॉर्मवर टिकमार्क करतो तोही फीडबॅक. त्यामुळे कॉलेजच्या सरांनी "एफईच्या पोरांना फीडबॅक कंट्रोलवर वीस मिनिटं सांगशील का, समीकरणं नकोत हं" असं विचारलं, तेव्हा ठरवलं की फक्त दोन वस्तू घेऊन जायचं. एक खोलीतला एसी, दुसरी सायकल. दोन्ही सगळ्यांनी वापरलेल्या, आणि दोन्हींकडे सहसा कोणी नीट न बघितलेल्या.

आधी एसी. साधा, इन्व्हर्टर नसलेला. त्याचा काँप्रेसर एकतर पूर्ण चालू असतो नाहीतर पूर्ण बंद. मधलं काही नाही. आतल्या युनिटमध्ये, खोलीतली हवा जिथे ओढली जाते तिथे एक छोटा सेन्सर असतो. तो तापमान मोजतो, ते तुम्ही लावलेल्या आकड्याशी ताडून बघितलं जातं आणि त्यावरून काँप्रेसर चालू किंवा बंद होतो. त्याने खोली बदलते, आणि बदललेली खोली पुन्हा मोजली जाते. हे जे वर्तुळ पूर्ण झालं, त्यालाच फीडबॅक म्हणायचं. बास, व्याख्या संपली.

इथे एक गंमत लगेच कळते. खोली लवकर गार व्हावी म्हणून आपण रिमोटवर १६ करतो ना? असा एसी १६ ला लावा नाहीतर २४ ला, काँप्रेसर तेवढाच जोर लावतो. १६ ने तो फक्त उशिरा थांबतो आणि मग आपण पांघरूण शोधतो :)

मग पोरांना विचारलं, २४ ला लावलाय, तर काँप्रेसर कधी चालू करायचा? सगळ्यांचं एकच उत्तर: २४ च्या वर गेलं की चालू, खाली आलं की बंद. ऐकायला एकदम बरोबर. आता हिशोब करू. समजा एसी बंद असताना खोली ५ मिनिटांत १ अंश तापते आणि चालू असताना ४ मिनिटांत १ अंश गार होते. सेन्सर एकदम तल्लख असेल तर काँप्रेसर २४ च्या रेषेवर नुसता टकटक चालू-बंद होत राहील. आणि ते त्याला झेपत नाही. थांबल्यावर आतल्या गॅसचा दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला वेळ लागतो, त्याआधी पुन्हा सुरू केला तर मोटर अडकते. म्हणून बऱ्याच एसींमध्ये बंद झाल्यावर साधारण ३ मिनिटं सक्तीची विश्रांती असते. लाईट जाऊन आली की पंखा लगेच सुरू होतो पण गार हवा येत नाही, त्याचं कारण हेच. यावर उपाय म्हणजे एक पट्टा ठेवायचा. २५ ला चालू, २३ ला बंद, मधे जे चाललंय ते चालू द्यायचं.

आता यात उशीर घाला. समजा सेन्सरला खोलीतला बदल २ मिनिटं उशिरा कळतो. खोली २३ ला पोचली तरी काँप्रेसर आणखी २ मिनिटं चालतो, म्हणजे २२.५ होतं. वर जाताना २५ झाल्यावर २ मिनिटं बंदच राहतो, म्हणजे २५.४. आपण २ अंशांचा पट्टा मागितला होता, मिळाला २.९ चा. पट्टा शून्य केला तरी ०.९ चा झोका उरतोच. म्हणजे सेटिंग कितीही बारीक करा, उशीर आहे तोवर एका मर्यादेपलीकडे फायदा नाही.

आता सायकल. डावीकडे तोल जायला लागला तर हँडल कुठे वळवायचं? निम्मा वर्ग म्हणाला उजवीकडे! हेच सगळे रोज सायकलवर शाळेत जायचे, आणि रोज बरोबर डावीकडेच वळवायचे. ज्या बाजूला पडतोय त्या बाजूला हँडल वळवलं की चाकं शरीराच्या खाली येतात आणि तोल सावरतो. उलटं वळवलं तर फीडबॅकच उलटा होतो आणि पडणं आणखी लवकर होतं.

एसीपेक्षा इथे एक फरक आहे. चालू-बंद चालत नाही. थोडं झुकलं तर थोडं, जास्त झुकलं तर जास्त वळवावं लागतं. किती जास्त, ते वेगावर ठरतं. वेग निम्मा झाला तर तेवढंच सावरायला हँडल चौपट वळवावं लागतं. शाळेच्या गॅदरिंगमधली स्लो सायकलिंगची शर्यत आठवा. जिंकणारा हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत असतो, आणि हँडल संपलं की पाय जमिनीवर. शिकवताना मागून सीट धरून पळणारे बाबा "पेडल मार, पेडल मार" म्हणून ओरडतात, ते भौतिकशास्त्राला धरूनच असतं. शिकाऊ माणूस मात्र उशिरा आणि प्रमाणाबाहेर वळवतो, म्हणून त्याची सायकल नागमोडी जाते. बघायचं एवढंच: प्रत्येक वळण आधीच्यापेक्षा लहान होतंय का? होत असेल तर तो सावरणार. मोठं होत असेल तर तुम्ही पळायला लागा.

इथवर सगळं ठरवल्याप्रमाणे चाललं होतं. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, उशीर तर दोन्हीकडे आहे. मग एसी दोन मिनिटांच्या उशिराने चालतो आणि सायकलवरचा माणूस अर्ध्या सेकंदात पडतो, असं का?"

वीस मिनिटांतला सगळ्यात चांगला प्रश्न! याचं उत्तर कंट्रोलरमध्ये नाही, ज्याला कंट्रोल करायचं त्याच्यात आहे. एसी बंद करून निघून जा. खोली तापत तापत बाहेरच्या तापमानाजवळ येईल आणि थांबेल. आपली आपण स्थिर आहे ती. तिथे उशिराची किंमत म्हणजे थोडा घाम. सायकलवर बसून हँडल घट्ट आवळून धरा. झुकाव साधारण पाव सेकंदात दुप्पट होतो, दुपटीची पुन्हा दुप्पट, आणि हे आपणहून थांबत नाही. इथे उशिराला मुदत आहे आणि ती चुकली की गुडघे फुटतात. माणसाला प्रतिक्रिया द्यायलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो, तरी आपण निभावतो, कारण किती झुकलोय एवढंच नव्हे, तर किती वेगाने झुकतोय हेही शरीराला आतल्या कानातून कळतं. शिवाय चालती सायकल स्वतःही थोडी मदत करते. रिकामी सायकल जोरात ढकलून सोडली तर तिचं हँडल पडायच्या बाजूला आपोआप वळतं आणि ती बरंच अंतर उभी जाते. हे फक्त चाकांच्या गिरकीमुळे होतं असा समज होता. २०११ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या एका प्रयोगात गिरकीचा परिणाम काढून टाकलेली सायकलही उभी राहिली.

तेव्हा कुठलंही मशीन, अगदी आमचा लोडनुसार कमी-जास्त होणारा सर्व्हरचा ताफासुद्धा, समोर आला की आधी दोन प्रश्न विचारायचे. सोडून दिलं तर हे आपोआप थांबेल की वाढत जाईल? आणि वाढत जाणार असेल तर दुप्पट व्हायला किती वेळ लागतो आणि मला कळायला किती? पोरांना घरचा अभ्यास दिलाय: एका रात्री मोबाईलचं स्टॉपवॉच लावून एसीचा काँप्रेसर किती मिनिटं चालतो आणि किती मिनिटं थांबतो ते लिहून काढा. तुम्हीही करून बघा, इन्व्हर्टर एसी नसेल तर.