बांधावरून पाणी आलं नाही, म्हणून…

मे महिना लागला की आमच्याकडे खारबंदिस्तीची डागडुजी सुरू होते. खेकड्यांनी केलेली भोकं बुजवायची, उघाडीची दारं नीट मिटतात का बघायची, जिथं बांध बसलाय तिथं माती चढवायची. हे काम करताना दरवर्षी निसर्ग चक्रीवादळाचा विषय निघतो, आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतं, "तेव्हा उगाच हलवलं आपल्याला. पाणी कुठं आलं?" त्यावर एकदा सविस्तर लिहायचं होतं.

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, खाडीकाठी. समुद्र दिसत नाही, मध्ये टेकडी आहे. २ जून २०२० च्या संध्याकाळी तलाठी भाऊसाहेब आणि कोतवाल खालच्या आळीत आले. उद्या वादळ आहे, रात्रीच शाळेत चला म्हणाले. शाळा वर माळावर. कोरोनाचे दिवस, एका वर्गात दहा घरं बसवायची म्हणजे लोक आणखी बिचकलेले. शेजारचे नाना तर अंगणातच बसून राहिले. म्हणाले, "भाऊसाहेब, वारा माळावर जास्त का आमच्या खळग्यात? माळावरच्यांना सोडून आम्हालाच का उठवताय? आणि आमच्यापुढं तर दर्यापण नाय."

प्रश्न चुकीचा नव्हता. वाऱ्याचाच विचार केला तर नानांचं बरोबर होतं. पण खालच्या आळीची यादी वाऱ्यासाठी केलेलीच नव्हती. ती पाण्यासाठी होती.

वादळात समुद्राचं पाणी चढतं, त्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे वादळाच्या मध्यावर हवेचा दाब कमी असतो, तिथं समुद्र थोडा वर उचलला जातो. हिशेब सोपा आहे, दाब एक मिलिबार उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं. दुसरं कारण मोठं. वारा तासन्‌तास एकाच दिशेनं पाणी किनाऱ्याकडे ढकलतो. समुद्र खोल असेल तर ते पाणी तळाकडून परत फिरतं. उथळ असेल तर परतायला वाट नाही, मग ते साचत साचत वर चढतं. खाडी असेल तर आणखी वाईट, कारण रुंद तोंडातून शिरलेलं पाणी आत अरुंद होत जातं. म्हणून समुद्र न दिसणारं आमचं गाव यादीत होतं आणि समुद्रासमोरच्या टेकडीवरची घरं नव्हती.

यातलं कोणतं कारण किती भारी, ते ओडिशाच्या १९९९ च्या वादळात दिसतं. २९ ऑक्टोबरला सकाळी ते पारादीपजवळ जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर. मध्यावरचा दाब ९१२ मिलिबार, म्हणजे नेहमीपेक्षा शंभराच्या आसपास कमी. आपल्या हिशेबानं दाबामुळे पाणी चढलं असेल मीटरभर. पण एरसामा ते पारादीप पट्ट्यात पाणी चढलं पाच-सहा मीटर. वरचे चार-पाच मीटर वाऱ्यानं उथळ समुद्रावरून ढकलून आणलेले. पुढची जमीन महानदीच्या गाळाची, ताटासारखी सपाट. पाणी कित्येक किलोमीटर आत गेलं. सरकारी आकड्यात राज्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यातली आठ हजारांवर एकट्या जगतसिंहपूर जिल्ह्यात. वारा त्या दिवशी कितीतरी जिल्ह्यांत होता, घरं सगळीकडे पडली. माणसं मात्र तिथं गेली जिथं समुद्र आत आला.

याचं कारण आपल्याला शेतावर माहीत आहे. वाऱ्यानं पत्रा उडतो, झाड पडतं. त्यापासून पक्क्या भिंतीआड, माळ्याखाली, कोपऱ्यात बसून वाचता येतं. पाण्यापासून भिंतीआड वाचता येत नाही. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढं पाणी म्हणजे एक टन वजन, आणि ते चालत येतं. उघाडीतून जोरात सुटलेल्या गुडघाभर पाण्यात उभं राहून बघितलं असेल तर अंदाज येईल. शिवाय ते एका लाटेसारखं येऊन ओसरत नाही. भरतीसारखं चढतं, पण भरतीला सहा तास लागतात आणि याला कधी तासही लागत नाही. पळायचा रस्ता गावाच्या आधी बुडतो, कारण रस्ता बहुतेक सखल भागातूनच जातो. म्हणून हलवायचं ते आदल्या दिवशी. वारा सुरू झाल्यावर हलवणं म्हणजे माणसांना त्याच पाण्यात सोडणं.

आता रेषा कशी आखतात ते. संगणकावर समुद्राची खोली आणि जमिनीची उंची भरतात आणि त्यावरून एक नाही, शेकडो, काही देशांत हजारो खोटी वादळं सोडून बघतात. एखादं जोराचं, एखादं मंद, एखादं दक्षिणेकडून, एखादं समोरून, एखादं भरतीला, एखादं ओहोटीला. प्रत्येक जागी सगळ्या वादळांमधलं सर्वांत उंच पाणी कुठवर गेलं ते टिपतात. त्यातून जमिनीची उंची वजा केली की तिथं किती पाणी उभं राहील ते निघतं. सर्वांत आधी बुडणारा पट्टा पहिला, त्यामागचा दुसरा. मग ती वेडीवाकडी रेषा लोकांना कळेल अशा खुणेवर सरकवतात, रस्ता, ओढा, वाडीची हद्द. अमेरिकेच्या किनाऱ्यावर असे अ, ब, क पट्टे आधीच जाहीर असतात. आपल्याकडे वादळ प्रत्यक्ष येताना हवामान खातं आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था कुठे किती पाणी चढेल त्याचा अंदाज देतात, आणि जिल्हा प्रशासन त्यावरून सखल वस्त्यांची यादी करतं. कच्च्या घरांची यादी वेगळी असते, ती वाऱ्यासाठी. या दोन याद्या लोक एकच समजतात आणि तिथंच नानांसारखा घोटाळा होतो.

यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी. वादळ नेमकं कुठं आदळेल हे आदल्या दिवशी काही किलोमीटरांत सांगता येत नाही, बऱ्याच किलोमीटरांची चूक राहते. आणि बाजूचा फरक मोठा असतो. आपल्याकडे वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. म्हणून वादळ ज्या दिशेला चाललंय तिकडं तोंड केलं तर उजव्या हाताला वारा समुद्राकडून जमिनीकडे, आणि डाव्या हाताला जमिनीकडून समुद्राकडे. कोकणात वादळ पश्चिमेकडून आलं तर आदळण्याच्या जागेच्या दक्षिणेला पाणी चढणार. पण ती जागाच आधी पक्की नसते, म्हणून दोन्हीकडची गावं हलवावी लागतात. त्यातल्या बऱ्याच गावांत पाणी येत नाही. याचा अर्थ अंदाज फसला असा नाही.

निसर्गच्या वेळी रायगडसाठी अंदाज होता, नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर वर पाणी. यातला "भरतीपेक्षा" हा शब्द आमच्या गावानं ऐकलाच नाही. तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे इथल्या पोरासोरांना येतं. त्या दिवशी ज्येष्ठातली बारस, म्हणजे भरती नऊच्या सुमाराला, खाडीत आमच्याकडे दहाच्या आसपास. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाण जवळ आलेलं. वादळ किनाऱ्यावर चढलं साडेबारा ते अडीचच्या दरम्यान. तोवर पाणी अर्धं उतरलं होतं. आमच्याकडे उधाणात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास, त्याचं अर्धं म्हणजे दोन मीटर. वादळानं पाणी चढवलं, पण ते आधीच खाली गेलेल्या पाण्यावर. म्हणून खाडी भर दुपारी ओहोटीच्या वेळेला भरतीएवढी फुगलेली दिसली आणि बांधाच्या आत राहिली.

आमचा बांध उधाणाच्या रेषेपेक्षा जेमतेम दीड हात उंच. तेच वादळ सकाळी दहाला आलं असतं तर? भरतीवर मीटरभर पाणी म्हणजे बांधावरून वाहणारं पाणी. मातीच्या बांधावरून पाणी वाहायला लागलं की खांड पडायला वेळ लागत नाही, आणि खांड पडली की मागच्या सखल खारात पाणी बांध नसता त्यापेक्षा जोरात घुसतं. वर ओहोटीला परतही जात नाही, बांधच त्याला अडवतो. आम्हाला बांधानं वाचवलं नाही. तीन-साडेतीन तासांनी वाचवलं.

हे मी नानांना दोनदा सांगितलं, पटलं नाही. मग त्या दिवाळीनंतर आम्ही मोजलं. गवंड्याकडची पारदर्शक नळी घेतली, पाणी भरलं, बुडबुडा राहू दिला नाही. एक टोक उघाडीपाशी, खांबावर उधाणाच्या पाण्याचा काळा पट्टा असतो तिथं. दुसरं टोक पुढं नेऊन खुंटीवर खूण. असं टप्प्याटप्प्यानं नानांच्या दारापर्यंत. जोत्याची उंची निघाली उधाणाच्या रेषेवर चाळीस सेंटिमीटर. माझं जोतं सत्तर. शाळेचा ओटा सहा मीटरच्या वर. नानांनी नळी दोनदा उलटसुलट धरायला लावली, आकडा तोच. काही बोलले नाहीत. खिळ्यानं दाराच्या चौकटीवर एक रेघ मारली, मीटरभर भरतीवर पाणी आलं तर कुठवर येईल त्याची. त्यांच्या गुडघ्याच्या वर येत होती.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं, आमच्याकडे पाणी चढायचं कारण कमी होतं, तिथीही उधाणाची नव्हती. कोतवाल आळीत यायच्या आधी नाना वळकटी घेऊन शाळेच्या ओट्यावर बसलेले होते. मला बघून म्हणाले, "पंचमी आज. पावणेचारला भरती. तोवर मी खाली जायचा नाय."

तुमचं गाव खाडीकाठी असेल तर नळी आणा आणि पाऊस लागायच्या आधी जोतं मोजून ठेवा. दोन माणसं, एक सकाळ, एवढंच लागतं. आकडा काय निघाला तो खाली लिहा.