वर मान, खाली मान

कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आज वाशीम जिल्ह्यात आहे. १९९८ पर्यंत हा भाग अकोल्यातच होता. माळ मोकळा, हरणं दुरून दिसतात. कळपाची सावधता मोजायला अशीच जागा हवी. ठरावीक वेळाने, समजा दर पाच मिनिटांनी, दुर्बीण कळपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायची आणि प्रत्येक जनावर त्या क्षणी काय करतंय ते लिहायचं: मान वर, की तोंड गवतात. हे स्कॅन सॅम्पलिंग. बसून रवंथ करणाऱ्यांचा रकाना वेगळा.

*

कळप धुरा ओलांडून तुरीत शिरला की आकडे बिघडतात. मान वर केलेलं हरीण चटकन दिसतं, खाली घातलेलं झाडांआड निसटतं. मग कळप आहे त्यापेक्षा सावध भासतो. आधी अठरा हरणं मोजली आणि स्कॅनची बेरीज चौदाच भरली, तर तो स्कॅन बाजूला ठेवावा.

नराची वर मान निराळी तपासावी. तो पुष्कळदा लांडग्याकडे नाही, दुसऱ्या नराकडे पाहत असतो.

*

कळप मोठा झाला की पाहणारे डोळे वाढतात. समजण्यासाठी आकडे धरू. चारांच्या कळपात प्रत्येक हरीण ४० टक्के वेळ मान वर ठेवतं. कुणीच पाहत नसण्याची शक्यता ०.६ चा चौथा घात, सुमारे १३ टक्के. विसांच्या कळपात प्रत्येकाचं प्रमाण १५ टक्क्यांवर उतरलं तरी ०.८५ चा विसावा घात जेमतेम ४ टक्के. शेतावर जागलीला माणसं वाढली की एकेकाला डोळा लावता येतो, तसंच हे. मात्र प्रत्येकजण दुसऱ्यांकडे न बघता आपल्या लयीत मान उचलतो, हे या हिशेबात गृहीत आहे. प्रत्यक्षात एकाने मान उचलली की शेजारचाही उचलतो.

*

जोखीम वाटली जाणं ही वेगळी गोष्ट. हल्ल्यात एकच बळी जात असेल, तर चारात माझी पाळी येण्याची शक्यता २५ टक्के, विसात ५. मोठा कळप दुरून दिसून हल्ले दुप्पट झाले, तर ती ५ ची १० धरावी लागते; फायदा उरतो, पण पाचपटीऐवजी अडीचपट.

*

एका कळपाचे बारा स्कॅन, प्रत्येकी वीस हरणं, म्हणजे २४० स्वतंत्र नोंदी नव्हेत. कळप एकच आहे. लॉजिस्टिक मॉडेलमध्ये कळपाचा क्रमांक रँडम इफेक्ट म्हणून घालावा, सोबत गवताची उंची. मोठे कळप मोकळ्या माळावरच आढळत असतील, तर मान खाली राहण्याचं श्रेय संख्येचं की आखूड गवताचं, हे त्याशिवाय कळत नाही.

*

‘कळप वाढला, सावधता घटली, म्हणून जोखीम वाटली जाते हे सिद्ध झालं’ असा निष्कर्ष अहवालात लिहू नये. अनेक डोळ्यांचा फायदाही हाच आलेख देतो. फॉस्टर आणि ट्रेहर्न यांनी १९८१ मध्ये समुद्रावर तरंगणाऱ्या कीटकांवरचे माशांचे हल्ले मोजले. मासे खालून येत, म्हणून पहारा कामाचा नव्हता. तरी गट वाढला तसे दर कीटकामागे हल्ले घटले. जोखीम वाटली जाते हे दाखवायला दर डोई हल्लेच मोजावे लागतात, आणि ते स्कॅनच्या तक्त्यात नसतात.